‘आजी वं, मले सर्दी नाई झाली’

*ताई, मी 24 वर्षांचा आहे. गाव यवतमाळ जिल्ह्यात, नोकरी पुण्यात. घरच्यांनी मुलगी म्हणून वाढवलं, पण मी पुरुष आहे. आठ महिन्यांपासून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं चालू आहेत. आवाज फुटला, मिसरूड आलं. आईला सगळं माहीत आहे. बाबांनाही माहीत आहे, पण ते बोलत नाहीत. आजी 79 वर्षांची आहे, मला तिनंच वाढवलं. फोनवर विचारते, ‘तुही सर्दी काऊन जाऊन नाई राहिली वं?’ मी नुसतं हो हो म्हणतो. माझ्या लग्नासाठी तिनं स्वतःच्या पाटल्या फडक्यात बांधून ठेवल्या आहेत. चौथी शिकली आहे, रोज पोथी वाचते. दिवाळीला घरी जायचं आहे, त्याआधी तिला पत्र पाठवावं म्हणतो. दहा वेळा लिहिलं आणि फाडलं. साध्या शब्दांत कसं सांगू?*

तुझं पत्र वाचून मी पहिल्यांदा त्या सर्दीपाशी थांबले. आठ महिने आजी तुझ्या घशाची काळजी करते आहे, तुला हळदीचं दूध प्यायला सांगत असेल, आणि तू दर वेळी होकार देतोस. पत्राच्या आधी हे थांबव. पुढच्या फोनवर एवढंच सांग, की आजी, सर्दी नाही, मी बरा आहे, आवाज बदलला आहे, आणि का ते तुला नीट लिहून कळवतो. मग ती पत्राची वाट पाहील. वाट पाहत असलेल्या माणसाला पत्र मिळणं वेगळं आणि बेसावध माणसाच्या हातात ते येऊन पडणं वेगळं.

आता मला आलेला एक अनुभव सांगते, म्हणजे पत्र कसं नसावं ते कळेल. वर्धा जिल्ह्यातला तुझ्याच वयाचा एक मुलगा माझ्याकडे यायचा. त्यानं आजीला चार पानं टाइप करून पोस्टानं पाठवली. त्यात ‘जेंडर आयडेंटिटी’ होतं, ‘हार्मोन थेरपी’ होती, स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवायचा हक्क देणारा सर्वोच्च न्यायालयाचा 2014 चा निकाल होता आणि शेवटी पुढच्या वर्षीच्या ऑपरेशनचा उल्लेख होता. एक ओळही खोटी नव्हती. पण पाकीट उघडलं काकांनी, आणि ओसरीवर पाच-सहा माणसं बसलेली असताना मोठ्यानं वाचून दाखवलं. आजीला इतर काहीच उमगलं नाही. ‘हार्मोन’ आणि ‘ऑपरेशन’ एवढं तिनं ऐकलं आणि छातीवर हात ठेवून विचारलं, ‘पोट्टीले कॅन्सर झाला का?’ दोन दिवस ती जेवली नाही. खरी गोष्ट कळल्यावरही तिच्या मनातून आजार गेला नाही, कारण पहिली ओळख आजार म्हणूनच झाली होती. आम्ही नंतर एका पानाचं पत्र लिहिलं, तेव्हा कुठे बोलणं सुरू झालं.

म्हणून पोस्टानं पाठवू नकोस, व्हॉट्सअ‍ॅपवर तर नाहीच. आईला सगळं माहीत आहे ना, मग पत्र आईच्या हाती दे. दुपारची निजानीज झाल्यावर, घरात दोघीच असताना आईनं ते आजीला द्यावं, चष्मा जवळ ठेवावा आणि तिथंच काही निवडत बसावं. आजी पोथी वाचते म्हणजे मोठं, ठळक, मोकळं अक्षर तिला वाचता येतं. तसंच लिही, हातानं, काळ्या शाईनं, दोन ओळींत जागा सोडून. वाचून दाखवायला कुणी लागलंच तर आई आहे.

दिवाळीचं म्हणशील तर माझं मन तिकडे नाही. त्या आठवड्यात घरी आत्या, जावई, पोरंसोरं असतात, आणि गावात कापसाची वेचणी तोंडावर असते किंवा सुरू झालेली असते. बाईमाणसाला क्षणाची उसंत नसते. आजीला रडायचं असेल तर रडायलासुद्धा कोपरा मिळणार नाही. पत्र दिवाळीच्या निदान तीन आठवडे आधी पोचू दे, किंवा तू दिवाळी झाल्यावर, पाहुणे गेल्यावर जा.

पत्र कोणत्या बोलीत लिहायचं हा प्रश्न तुला पडला नसेल, पण मला वाटतं तुझी दहा पत्रं त्यावरच फाटली. तू पुस्तकी मराठीत लिहिलं असणार. आजीशी तू ज्या वऱ्हाडीत बोलतोस त्यातच लिही. खाली मी एक नमुना देते. त्यातल्या आठवणी मी आपल्याकडच्या कुठल्याही घरात असतील तशा घातल्या आहेत. त्या काढून तुझ्या स्वतःच्या घाल.

*आजी,*

*पाया पडतो.*

*पह्यले हे सांगतो का मी बरा हाय. दोन टाइम जेवतो, नोकरी नीट चालू हाय, मले कोणताच रोग नाई. हे ध्यानात ठेव, मंग पुढचं वाच.*

*तू फोनवर पुसतं ना, सर्दी काऊन जाऊन नाई राहिली म्हणून. आजी, ते सर्दी नाई. माह्या आवाज पोराचा झाला, अन् आता तो असाच राहीन. डॉक्टरनं औषध देल्लं, त्यानं झाला. ते औषध मीच मांगतलं. काऊन मांगतलं ते सांगतो.*

*तुले याद हाय का, तान्ह्या पोळ्याले मी दादाचा लाकडाचा बैल घेऊन निंगालो होतो. कोणी म्हणलं, पोट्टीले कायले पाठवता. तू म्हणली, जाऊ द्या. अन् भुलाबाईच्या गाण्याले मले बसवलं का मी उठून पळो. तवापासून माह्या मनात एकच होतं, का मी पोरगी नाई, पोरगा हाय. पण ते सांगाले मले शब्द नोयते. वाटे, मोठं झाल्यावर जाईन. नाई गेलं. दोन वेण्या घालून शाळेत जाओ तं आरशात दुसरंच कोणी दिसे.*

*काही लेकरं अशीच जन्मतात आजी. आंग एक सांगते अन् मन दुसरं. हे करणी नाई, बाहेरचं नाई, पुण्याच्या संगतीनं झालं असंही नाई. तू मले लहानपणी दादाचे जुने सदरे घालत जाय, त्यानंही नाई झालं. तुह्यी काहीच चूक नाई.*

*आता डॉक्टर मले इंजेक्शन देते अन् मधात मधात रक्त तपासते. मिसरूड आलं, पुढं दाढी येईन. पह्यले मले रातच्यान झोप लागत नोयती, आता लागते.*

*तुले भेव वाटन का हा घर सोडून जाते का काय. नाई जात. बजारात टाळी वाजवून येतात, त्यायले तू कधी रित्या हातानं पाठवलं नाई, मी पाह्यलं हाय. ते बी आपलेच. पण मले कोठी जायचं नाई. मी तुह्या घरचाच हाओ.*

*पाटल्या तू जपून ठेवल्या, मले माहीत हाय. मी त्या घालणार नाई. त्यायचं काय करायचं ते तू ठरव, मले वाईट नाई वाटणार.*

*माह्यं नाव आता ______ हाय. तोंडात बसाले टाइम लागन. तवरोक मले लेकरू म्हण.*

*मी आलो का जे पुसायचं ते पुस. राग आला तं रागाव.*

*तुह्यं लेकरू*

‘पाया पडतो’ या पहिल्याच ओळीत ‘तो’ आहे, तो मी मुद्दाम ठेवला. आतापर्यंत फोनवर तू ‘येते, जाते’ म्हणत असशील. आजी त्या शब्दाशी अडखळेल, पुन्हा वाचेल, आणि लगेच खाली ‘मी बरा हाय’ येतं. धक्का आणि धीर दोन ओळींच्या आत आले पाहिजेत. आजाराची शंका तिथंच मिटायला हवी, कारण 79 वर्षांच्या बाईनं आयुष्यभर ‘डॉक्टर’ हा शब्द वाईट बातमीबरोबरच ऐकला आहे.

सदऱ्याची ओळ तुझ्या घरी लागू नसेल तर गाळ, पण तिच्या जागी दुसरी शोध. नातवंडाला वाढवणारी बाई ही गोष्ट कळल्यावर आधी स्वतःचा हात तपासते. मी काय खाऊ घातलं, कोणता नवस फेडायचा राहिला, पोराचे कपडे का घातले, पोरांत का खेळू दिलं. वर्ध्याच्या त्या आजीनं महिनाभर कुणाला न सांगता हीच टोचणी मनात ठेवली होती. तिला ग्रहणात बाहेर पडलेली सून आठवत होती. तू ‘तुह्यी काहीच चूक नाई’ एवढंच मोघम लिहिलंस तर ते तिच्यापर्यंत पोचणार नाही. ज्या गोष्टीचा ती स्वतःला दोष देईल तिचं नाव घेऊन सांगावं लागतं. काय असेल ते आईला विचार, तिला नक्की माहीत असेल.

टाळीवाल्यांची ओळ लिहिताना मी बराच वेळ घेतला. आजीला या विषयातलं ठाऊक असलेलं एकच चित्र म्हणजे बाजारात, रेल्वेत, बारशाच्या घरी येणारे तृतीयपंथी. मुलगी म्हणून वाढलेला माणूस पुरुष असू शकतो, हे तिनं ऐकलेलंच नसणार. त्यामुळे तू घर सोडून त्यांच्यात जाशील, ही भीती तिला वाटणारच, आणि तिचं उत्तर पत्रात हवं. मात्र ‘मी त्यांच्यासारखा नाही’ असं लिहू नकोस. स्वतःला आत घेण्यासाठी दुसऱ्याला बाहेर ढकलायचं नाही, शिवाय आजीचा त्यांच्याबद्दलचा भाव बहुधा तुझ्या बाबांपेक्षा जास्त मायेचा असतो. तिला शिखंडी आणि अर्धनारीनटेश्वर ठाऊक असतील. ती होऊन काढेल तर बोल, पण पत्रात नको. देवाचं नाव आलं की ती एकतर हात जोडेल नाहीतर भिऊन जाईल, आणि तुला तर तिनं नातू म्हणून ओळखायला हवं आहे.

ऑपरेशन, शरीराचे भाग, पाळी, कायदा यातलं काहीही पत्रात घालू नकोस. समोर बसल्यावर ती विचारेल, तेव्हा जेवढं विचारलं तेवढंच खरं सांग. एक प्रश्न हमखास येतो, बहुतेक बाबांकडून येईल: औषध बंद केलं तर सगळं पहिल्यासारखं होईल का? इथं कुणाला बरं वाटावं म्हणून खोटा शब्द देऊ नकोस. टेस्टोस्टेरॉननं स्वरतंतू जाड होतात आणि आवाज उतरतो, तो औषध थांबवल्यावरही परत चढत नाही. दाढीमिशीचे आलेले केसही बहुतांशी राहतात. पाळी मात्र औषध थांबवल्यावर सहसा परत येते. दाढी पूर्ण भरायला काही वर्षं लागतात, तेव्हा दिवाळीला आजीला मिसरूडच दिसेल आणि चेहरा तिच्या ओळखीचाच राहील. रक्त तपासतात ते मुख्यतः रक्त दाट होत नाही ना, हिमोग्लोबिन फार वाढत नाही ना हे पाहायला, आणि पहिल्या वर्षात ते साधारण दर तीन महिन्यांनी करतात. आजीला ‘रक्त तपासते’ एवढ्यानंच धीर येतो, म्हणून ते वाक्य ठेवलं आहे.

आणि एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नसेल. म्हातारपणी कान जातात ते आधी बारीक, चढ्या आवाजाला. जाड आवाज त्यांना त्या मानानं बरा ऐकू येतो. तुझं बोलणं आजीला आता पहिल्यापेक्षा स्पष्ट ऐकू येत असेल. समोर बसून बोल, मोठ्यानं ओरडू नकोस.

आता बोलण्याचं. मराठीत हे इंग्रजीपेक्षा फार अवघड आहे. आजीनं तुझ्याबद्दल एक वाक्य बोलायचं म्हटलं तरी आला-आली ठरवावं लागतं, आणि चोवीस वर्षांची ‘आली’ तिच्या जिभेवर बसलेली आहे. पण याच भाषेत सुटकाही आहे. आपल्याकडे नपुंसकलिंग आहे आणि घरातले सगळ्यात मायेचे शब्द त्यातच आहेत. लेकरू आलं. नातवंड जेवलं. पोरगं दमलं. कुठं ‘ला’ नाही, कुठं ‘ली’ नाही, आणि परकेपणा तर अजिबात नाही. शिवाय ‘ये’, ‘बस’, ‘घे अजून एक भाकर’ यात लिंग येतच नाही. ‘जेवली का’च्या जागी ‘जेवण झालं का’ म्हटलं की तुला टोचणारं काही उरत नाही. आजीला हे व्याकरण समजावू नकोस, आईला समजाव. आईनं दोन दिवस आजीसमोर तुझ्याबद्दल ‘लेकरू येऊन राहिलं’ असं म्हटलं, की ते आजीच्या तोंडी आपसूक येईल. वर्ध्याच्या आजीचं तसंच झालं. सहा-सात महिने ‘लेकरू’ चाललं, मग एक दिवस वावरातून आलेल्या त्याला तिनं पायरीवरून हाक मारली, ‘आला का रे?’ त्यानं फोन करून मला एवढंच सांगितलं आणि पुढे त्याला बोलता येईना.

‘वं’ची ‘रे’ झाली तरी मधेच परत ‘वं’ येईल. दर वेळी टोकू नकोस. दिवसातून एकदा, हळू आवाजात, तेही ती एकटी असताना. चारचौघांत टोकलंस तर ती तुझ्याशी बोलणंच कमी करेल, आणि ते चुकीच्या शब्दापेक्षा फार वाईट.

पाटल्यांचा निकाल पत्रात तू लावू नकोस. ते तिचं सोनं आहे. त्या फडक्याबरोबर तिनं एक लग्न मनात बांधून ठेवलं आहे आणि ते आता तिला सोडवायचं आहे. त्यासाठी ती रडेल. रडणं म्हणजे तुला नाकारणं असं समजू नकोस. ती नातीसाठी रडते आहे आणि नातू समोर बसला आहे, दोन्ही एकाच दुपारी होऊ शकतं. तिला रडू दे, उठून जाऊ नकोस, समजावत बसू नकोस, पाणी दे.

नकार कसा ओळखायचा हेही सांगते. ती गप्प राहिली पण तुझ्या ताटाकडे लक्ष ठेवून असेल, तर थांब. बोलणं आहे पण तुझ्याबद्दल काका-बाबांशी दाराआड कुजबुज सुरू झाली, अमक्या गावच्या बाबाकडे नेऊ, अंगारा लावू, किंवा ‘लग्न लावून देलं का ठीक होते’ असं ऐकू आलं, तर ते गंभीर आहे. कुणी डॉक्टरकडे नेऊन ‘सरळ’ करून घेऊ म्हणालं तर बाबांना दोन गोष्टी सांग. जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या अकराव्या सूचीत ही गोष्ट मानसिक विकारांच्या प्रकरणाबाहेर काढली, आणि ती सूची 2022 पासून लागू आहे. त्याच वर्षी आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं असे ‘बदलायचे’ उपचार करणं हे डॉक्टरचं गैरवर्तन ठरवलं. असा उपचार करू म्हणणारा डॉक्टर आपल्याच धंद्याचा नियम मोडतो. हे बोलणं आजीपुढे नको, ती उगाच घाबरेल.

म्हणून जाताना परतीचं तिकीट काढूनच जा, ते आणि आधार कार्ड, बँकेचं पासबुक स्वतःच्या पिशवीत ठेव, आणि पुण्यातल्या एका मित्राला रोज रात्री फोन करायचं ठरवून ठेव. इंजेक्शनची तारीख सुट्टीत येत असेल तर डॉक्टरला आधी विचारून ती मागेपुढे करून घे. गावच्या दवाखान्यात पहिल्यांदा हे समजावत बसायची वेळ ती नव्हे.

बाबांसाठी वेगळं पत्र लिहू नकोस, अजून नको. आजीच्या पत्राचं आई त्यांना सांगेलच. आणि पत्र पोचल्यावर पहिला फोन तू कर, तिच्या वेळेला, दिवाबत्ती झाल्यावर. ती पत्राबद्दल काही बोलली नाही तर तूही काढू नकोस. गाय व्याली का, कापसाला भाव काय लागला, ते विचार, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत फोन कर.